चुकलेल्या बत्तीस प्रश्नांत काय दडलंय?

टेस्टचा निकाल लागला की तुम्ही सगळ्यात आधी काय बघता? खरं सांगा. आपला आकडा बघता. मग यादीत आपलं नाव कितवं आहे ते. मग रूममेटचा आकडा. आणि तो आपल्यापेक्षा जास्त असेल तर प्रश्नपुस्तिका गुंडाळून बॅगेत कोंबता आणि चहाच्या टपरीवर जाता. ती पुस्तिका पुन्हा बाहेर निघते थेट रूम बदलताना, रद्दीत द्यायला.

पुण्यात नव्या पेठेतल्या एका क्लासमध्ये परवा एकाने तर तेवढीही वाट बघितली नाही. एमपीएससी पूर्व परीक्षेची टेस्ट सिरीज सुरू होती. सामान्य अध्ययनाचा पेपर, १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. भिंतीवर यादी लागली, पोराने स्वतःचा आकडा बघितला, १०४, आणि पुस्तिका दाराजवळच्या डस्टबिनमध्ये टाकून आत येऊन बसला. तिसरा अटेम्प्ट. घरून रोज रात्री फोन येतो आणि फोनवर पहिला प्रश्न एकच असतो, ‘किती पडले?’ त्याचं उत्तर द्यायला आकडा पुरतो, पुस्तिका लागत नाही.

सर आत आले ते ती पुस्तिका हातात घेऊनच. कोणाची आहे ते त्यांनी विचारलं नाही. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘आज शिकवणार नाही. आज फक्त चुका बघू.’’ पुढचा दीड तास त्यांनी जे सांगितलं, ते शेवटच्या बाकावर बसून मी लिहून घेतलं. तुमची परीक्षा एमपीएससी असो, बँकेची असो की नीट, दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा असेल तर हे तुमच्या कामाचं आहे.

उत्तरतालिका बघण्याआधीची खूण

सरांनी बॅचला महिनाभरापूर्वी एक सवय लावायला सांगितली होती. टेस्ट सोडवताना प्रश्नपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची. उत्तर पक्कं माहीत असेल तर टिक. दोन पर्याय बाद केले आणि उरलेल्या दोनांत अडकलो, तर ‘२’. काहीच माहीत नाही, ठोकून दिलं, तर प्रश्नचिन्ह. शिवाय जो पर्याय निवडला त्याला पुस्तिकेतही गोल करायचा. ओएमआर शीटवर अर्थातच यातलं काही करायचं नाही.

‘‘किती जणांनी केलं?’’ सरांनी विचारलं. साठ जणांच्या बॅचमध्ये नऊ हात वर झाले.

ही खूण टेस्ट चालू असतानाच का करायची? कारण उत्तरतालिका हातात आली की आपली आठवण बदलते. बरोबर उत्तर दिसलं की वाटतं, ‘अरे, हे तर मला येत होतं.’ मग आपण त्या चुकीला ‘सिली मिस्टेक’ म्हणतो आणि पुढे जातो. खरं म्हणजे ते येत होतं की नव्हतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही. पेन्सिलची खूण मात्र सांगू शकते. सरांच्या वर्गात म्हणूनच ‘सिली मिस्टेक’ या शब्दाला बंदी आहे. ‘‘त्या शब्दाने तुम्ही चुकीची फाईल बंद करता,’’ ते म्हणाले. ‘‘मला फाईल उघडलेली पाहिजे.’’

हात वर केलेल्यांत एक मुलगी होती. योगायोगाने तिलाही १०४ गुणच होते. सरांनी तिला विचारलं, ‘‘तुझा पेपर फळ्यावर मांडला तर चालेल का गं?’’ ती जरा घुटमळली, मग म्हणाली, ‘‘चालेल सर, पण निगेटिव्हमुळे गेलंय माझं. उगाच जास्त अटेम्प्ट केले.’’

हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. ते खरं आहे का, ते बघायला सरांनी खडू उचलला.

एक आकडा, तीन हिशेब

तिने १०० पैकी ९२ प्रश्न सोडवले होते. ६० बरोबर, ३२ चूक. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला पाव हिस्सा म्हणजे अर्धा गुण वजा. १२० वजा १६, एकूण १०४. इथपर्यंत सगळेच येतात. सरांनी पुढे खुणांप्रमाणे तीन ढीग केले.

टिक केलेले, म्हणजे पक्के वाटलेले प्रश्न ४८. त्यातले ४१ बरोबर, ७ चूक. मिळाले साडेअठ्ठ्याहत्तर गुण.

दोनांत अडकलेले २६. त्यातले १५ बरोबर, ११ चूक. मिळाले साडेचोवीस.

प्रश्नचिन्हवाले १८. त्यातले ४ बरोबर, १४ चूक. मिळाला एक गुण.

‘‘बघ,’’ सर म्हणाले, ‘‘तू ठोकलेले अठराच्या अठरा प्रश्न सोडून दिले असतेस, तर तुला १०३ पडले असते. निगेटिव्हने तुझं काही नेलेलं नाही.’’

वर्गात जरा चुळबूळ झाली, कारण निम्म्या बॅचचं दुःख त्या एका वाक्यात गेलं होतं. मग सरांनी हिशेब समजावला. चार पर्याय असलेले चार प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी एक बरोबर येतो आणि तीन चुकतात. दोन गुण आले, दीड गेला. म्हणजे चार अंदाजांमागे अर्धा गुण हाती लागतो. फायदा आहे, पण इतका बारीक की त्यावर पेपर निघत नाही. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश गुण वजा होतात, तिथे तोही उरत नाही.

मग गुण गेले कुठे? सरांनी सात या आकड्याभोवती गोल काढला. पक्के वाटलेले आणि तरी चुकलेले सात. चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की वजा झालेला अर्धा परत येतो आणि वर दोन मिळतात, म्हणजे अडीच गुणांचा फरक. सातांचे साडेसतरा. दोनांत अडकून चुकलेल्या अकरांचे गुण त्याहून जास्त होतात हे खरं, पण ते अकरा प्रश्न ती घरी गेल्यावर आपणहून बघेल, कारण तिला तिथे शंका होती. या सातांना ती हातच लावणार नाही. जे आपल्याला येतं असं वाटतं, त्याची उजळणी कोणी करत नाही. ती चूक पुढच्या टेस्टमध्ये येईल, त्याच्या पुढच्या टेस्टमध्ये येईल आणि आयोगाच्या पेपरमध्येही येईल. म्हणून सुरुवात या सातांपासून.

सात पक्क्या चुका

सरांनी सातही प्रश्न एकेक करून वाचून घेतले. बरोबर उत्तर काय, हे त्यांनी एकदाही आधी विचारलं नाही. प्रत्येक वेळी विचारलं, ‘‘तू कुठला पर्याय निवडलास आणि का?’’

पहिला प्रश्न साधा होता. भीमेची उपनदी नसलेली नदी कोणती? पर्याय होते नीरा, सीना, कोयना, घोड. तिने नीरा लिहिलं होतं. आता नीरा भीमेला मिळते आणि कोयना कराडला कृष्णेला मिळते, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. मग चुकलं कसं? निवडलेला पर्यायच ते सांगतो. नीरा हा पहिला पर्याय होता आणि ती भीमेची उपनदी खरोखरच आहे. म्हणजे तिने प्रश्नातला ‘नसलेली’ हा शब्द वाचलाच नाही. पहिलाच पर्याय जुळला, टिक केली, पुढे गेली. पुढचे तीन पर्याय तिने बघितलेसुद्धा नाहीत.

अशा तीन चुका निघाल्या. ‘अयोग्य विधान ओळखा’मध्ये तिने योग्य विधान ओळखलं होतं. सरांनी फळ्यावर त्यांचे प्रश्न क्रमांक लिहिले. ८१, ८८, ९३. ‘‘काय दिसतं?’’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘सर, सगळे शेवटी आहेत.’’

पंचाहत्तरावा प्रश्न झाला तेव्हा किती वाजले होते, असं सरांनी तिला विचारलं. तिच्याकडे वीस मिनिटं उरली होती. शेवटचे पंचवीस प्रश्न तिने धावत सोडवले होते. म्हणजे भूगोल कच्चा नव्हता आणि लक्ष देऊन वाचायची सवयही मुळात वाईट नव्हती. पहिल्या अर्ध्या पेपरात तिने वेळ जास्त खर्च केला होता आणि त्याची किंमत शेवटी मोजली होती. हीच चूक पेपरभर विखुरलेली असती, १२, ४०, ६७ अशी, तर निदान वेगळं झालं असतं. मग वाचण्याची सवयच सुधारावी लागली असती. तिला सरांनी उपाय दिला तो एवढाच. पुढच्या टेस्टला २५, ५० आणि ७५ व्या प्रश्नाशेजारी घड्याळातली वेळ लिहायची आणि ‘नाही’, ‘नसलेली’, ‘अयोग्य’ या शब्दांना वाचतानाच गोल करायचा.

चौथी चूक गोल काळा करण्याची. पुस्तिकेत पर्याय दोनला गोल होता, ओएमआरवर तीन काळा झाला होता. पुस्तिकेत खूण नसती तर ही चूक कधीच सापडली नसती. तिने उत्तरतालिका बघून ‘हा प्रश्न मला येत नाही’ असं लिहिलं असतं आणि जे येतंय तेच पुन्हा वाचत बसली असती.

उरल्या तीन. या मात्र ज्ञानाच्या चुका होत्या, आणि त्यातल्या दोन एकाच मुळाच्या निघाल्या.

एक प्रश्न होता उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीवर. मतदार कोण? तिने उत्तर दिलं, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य. टिक. चूक. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेचे सगळे सदस्य मत देतात, नामनिर्देशितसुद्धा. दुसरा प्रश्न तीस प्रश्न सोडून पुढे होता, राष्ट्रपतींवरच्या महाभियोगावर. तिथे तिने ‘नामनिर्देशित सदस्य भाग घेऊ शकत नाहीत’ हे विधान बरोबर धरलं होतं. टिक. चूक. महाभियोगातही ते भाग घेतात.

‘‘दोन वेगळ्या प्रकरणांतले प्रश्न आहेत,’’ सर म्हणाले. ‘‘पण तुझ्या डोक्यात वाक्य एकच आहे. कुठलं?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘नामनिर्देशित लोकांना मत नसतं.’’

हे वाक्य तिने कुठे वाचलं होतं? राष्ट्रपतींच्या निवडणुकीत. तिथे ते खरं आहे. राष्ट्रपतींना संसदेचे निवडून आलेले सदस्य आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य निवडतात, नामनिर्देशितांना तिथे मत नाही. एका ठिकाणचा नियम तिने नकळत सगळीकडे लावला होता. उत्तरतालिका बघून तिने फक्त ‘उपराष्ट्रपती, सर्व सदस्य’ एवढंच पाठ केलं असतं, तर महाभियोगाचा प्रश्न पुन्हा चुकला असता. आता एक वाक्य दुरुस्त केलं की दोन्ही प्रश्न सुटतात आणि न विचारलेले आणखी काही सुटतात.

सातवी चूक अभिजात भाषांची. देशात किती भाषांना अभिजात दर्जा आहे? तिने सहा लिहिलं, टिक करून. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांना तो दर्जा मिळाला आणि संख्या अकरा झाली. मराठीला अभिजात दर्जा मिळाला हे तिला माहीत होतं, तरी हात सहावर गेला. कारण अभ्यास सीनियरच्या नोट्सवरून, आणि त्या २०२३च्या. इथे दुरुस्त काय करायचं? एक आकडा बदलून भागणार नाही. त्या नोट्समध्ये जे जे दरवर्षी बदलू शकतं, संख्या, पदं, योजना, याद्या, त्या प्रत्येक पानावर आता शंका घ्यायची. चुकलेला प्रश्न एक, पण त्याने अख्ख्या वहीची तारीख दाखवून दिली.

दोनांत अडकणं म्हणजे काय

आता दुसरा ढीग. २६ प्रश्नांत तिने दोन पर्याय बरोबर बाद केले होते, हे काम चांगलं. पण उरलेल्या दोनांतून तिने बरोबर निवडले पंधरा. नाणं उडवलं असतं तरी तेरा आले असते. म्हणजे दोन पर्यायांपर्यंत पोचण्याएवढं वाचन झालंय, शेवटचा फरक मात्र ठरलेला नाही.

आणि म्हणून सरांनी एक गोष्ट सांगितली जी बॅचला पटायला वेळ लागला. या ढिगातले पंधरा बरोबर प्रश्नही चुकलेल्यांत धरायचे. आज नाणं आपल्या बाजूने पडलं, एवढंच. बहुतेक मुलं फक्त लाल फुल्या असलेले प्रश्न बघतात आणि नशिबाने बरोबर आलेले तसेच सोडतात. परीक्षेत तोच प्रश्न फिरून येतो आणि तेव्हा नाणं उलटं पडतं.

या ढिगात लिहून काय ठेवायचं? ज्या दोनांत अडकलात ती जोडी. तिच्या पेपरात कालक्रमाचा प्रश्न होता. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सत्यशोधक समाज, आर्य समाज. पहिला १८६७चा आणि शेवटचा १८७५चा, हे तिला माहीत होतं. मधल्या दोघांत गोंधळ. सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३. दोन्ही पुण्यात, दोन्हींमध्ये तीनच वर्षं, गोंधळ होणारच. सरांनी दोन्ही सनावळ्या पुन्हा पाठ करायला सांगितल्या नाहीत. एकालाच खुंटी ठोका म्हणाले. जोतीरावांचं ‘गुलामगिरी’ १८७३चं आणि सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा. एक पक्का बसला की दुसरा आपोआप त्याच्या आधी जातो.

अशा जोड्या तुमच्या पेपरांतून काढून बघा. चार-पाच टेस्टनंतर लक्षात येतं की आपण नेहमी ठरावीक जोड्यांतच अडकतो.

साडेसात गुणांचं नशीब

तिसऱ्या ढिगाबद्दल सर थोडक्यात बोलले, पण ते ऐकून अनेकांचे चेहरे बदलले. अठरा अंदाजांत तिचे चार बरोबर आले. दुसऱ्या दिवशी, तेवढ्याच अभ्यासावर, तीन येऊ शकतात किंवा सहा येऊ शकतात, यात नवल काही नाही. तीन आले तर दीड गुण वजा. सहा आले तर सहा गुण जमा. फरक साडेसात गुणांचा.

‘‘ही साडेसाती सगळ्यांना लागते,’’ सर म्हणाले आणि वर्ग हसला. ‘‘गेल्या टेस्टपेक्षा सात गुण कमी पडले म्हणून जेवण सोडणारे तुमच्यात आहेत. सात वाढले म्हणून पार्टी मागणारेपण आहेत. दोघांनीही अभ्यासात काहीच बदललेलं नसतं.’’

म्हणून टेस्टगणिक एकूण गुणांचा चढउतार बघण्यापेक्षा दोन गोष्टी बघा. पक्क्या ढिगात दर किती उत्तरांमागे एक चूक होते? तिची सातांमागे एक होती. आणि प्रश्नचिन्हांचा ढीग आटतोय का? हे दोन आकडे नशिबावर फारसे हलत नाहीत.

प्रश्नचिन्हांचा ढीग चाळीसच्या वर असेल तर मात्र हे सगळं विश्लेषण बाजूला ठेवा. तिथे चुका काही सांगत नाहीत, कारण तुम्ही तो भाग वाचलेलाच नाही. आधी पुस्तक वाचा, टेस्ट नंतर.

वहीत तीन ओळी

आता ही माहिती साठवायची कशी? चुकांची वही अनेक जण करतात. अख्खा प्रश्न, चारही पर्याय, खाली हिरव्या पेनाने बरोबर उत्तर. दिसायला सुंदर. दोन टेस्टनंतर कंटाळा येतो आणि वही बंद. सरांच्या वहीत एका चुकीला तीनच ओळी असतात. मला काय वाटत होतं. खरं काय आहे. मला तसं का वाटलं. त्या मुलीच्या वहीत नोंद अशी झाली:

‘नामनिर्देशितांना कुठेच मत नाही असं वाटत होतं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत नाही. उपराष्ट्रपती आणि महाभियोगात आहे. एका ठिकाणचा नियम सगळीकडे लावला.’

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण ‘एका ठिकाणचा नियम सगळीकडे लावला’ हे वाक्य महिन्याभरात पाचदा लिहिलं गेलं, तर तुमचा खरा आजार सापडला.

पण लिहून काम संपत नाही. खात्रीच्या चुकांवर मानसशास्त्रज्ञांनी काम केलंय. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१मध्ये दाखवलं की ज्या उत्तराची आपल्याला पक्की खात्री होती ते चुकीचं निघालं, तर बरोबर उत्तर जास्त चांगलं लक्षात राहतं. धक्का बसतो, लक्ष जातं. पुढच्या संशोधनात त्याची दुसरी बाजूही दिसली. आठवड्याभराने ते बरोबर उत्तर विसरलं गेलं, तर तीच जुनी खात्रीची चूक परत येण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे धक्क्याचा फायदा टिकवायचा तर मध्ये एकदा स्वतःला विचारावं लागतं.

म्हणून सर सांगतात, तिसऱ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी वही उघडा, दुसरी ओळ हाताने झाका आणि उत्तर द्या. जमलं तर प्रश्न फिरवून विचारा. ‘विधानसभेचे सदस्य उपराष्ट्रपतींना मत देतात का?’ देत नाहीत. याचं उत्तर लगेच आलं, तर नियम कळलाय. फक्त मूळ प्रश्नच जमत असेल, तर पाठ झालाय.

दोन तासांच्या टेस्टला हे करायला तीन तास लागतात. आठवड्यात तीन टेस्ट देऊन हे होत नाही. एक द्या.

उत्तरतालिकाच चुकली तर?

एका मुलाने विचारलं, ‘‘सर, क्लासची आन्सर कीच चुकीची असली तर?’’ सरांनी लगेच मान्य केलं. क्लासच्या पेपरात चुका असतात. आयोगसुद्धा आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती मागवतो आणि अंतिम तालिकेत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. म्हणून पक्क्या ढिगातली चूक वहीत उतरवण्याआधी मूळ पुस्तकात बघायची. शालेय पाठ्यपुस्तक, राज्यघटना, शासनाचं संकेतस्थळ, जे लागू असेल ते. तिथे तुम्ही बरोबर निघालात तर सरांना पुरावा दाखवायचा. ‘‘पण दोन पानं तरी वाचून या,’’ ते म्हणाले. ‘‘नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून येऊ नका.’’

दीड तास होत आला होता. सरांनी टेबलावरची गुंडाळलेली पुस्तिका उचलली. ‘‘यालाही १०४ पडलेत. तिला १०४, याला १०४. तिच्याकडे सात चुकांची कारणं आहेत, सव्वीस जोड्या आहेत आणि एक जुनी वही सापडली आहे. याच्याकडे काय आहे?’’ कोणी काही बोललं नाही. ‘‘याने खुणा केलेल्या नाहीत. त्यामुळे मीही त्याला काही सांगू शकत नाही. एवढंच सांगतो, पर्यायांना गोल तरी केलेत. ओएमआरशी ताडून बघ. कुठला पर्याय निवडला ते बघ आणि का, ते आठवतंय तेवढं लिही. अर्धं तरी हाती लागेल.’’

वर्ग सुटल्यावर तो मुलगा सगळ्यात शेवटी उठला. टेबलाशी जाऊन त्याने पुस्तिका उचलली, तिच्या सुरकुत्या हाताने सरळ केल्या आणि विचारलं, ‘‘सर, त्रेपन्नाव्या प्रश्नात मी दोन नंबर लिहिलाय. का लिहिला असेल ते कळत नाहीये.’’

सरांनी खुर्ची ओढली. ‘‘बस. वाच प्रश्न.’’

तुमची मागच्या रविवारची पुस्तिका कुठे आहे? बॅगेत असेल तर बाहेर काढा. त्यातला पहिला चुकलेला प्रश्न घ्या आणि बरोबर उत्तराकडे जाण्याआधी, तुम्ही कुठला पर्याय निवडला होता आणि का, एवढं एका ओळीत लिहून बघा.